सिंक तुंबतंय आणि वासही मारतंय? सोडा, व्हिनेगर आणि गरम पाणी नेमक्या कोणत्या क्रमानं वापरायचं

बहुतेक जण करतात ते असं: जाळीवर अर्धा कप खाण्याचा सोडा टाकायचा, वरून कपभर व्हिनेगर ओतायचं, फसफसणारा फेस पाहून समाधान मानायचं आणि शेवटी किटलीभर उकळतं पाणी ओतायचं. दोन दिवस बरं वाटतं, आठवड्याभरात सिंक पुन्हा पहिल्यासारखं. यात तिन्ही वस्तू बरोबर आहेत, क्रम आणि समजूत मात्र चुकलेली आहे.

आधी फेसाचा हिशोब बघू, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. सोडा आणि व्हिनेगर एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड वायू निघतो आणि मागे जे उरतं ते जवळपास मिठाच्या पाण्यासारखं निरुपद्रवी असतं. त्या पाण्यात तेलकट थर विरघळत नाही. वायूचा जोर लागून अडकलेलं पुढे जाईल म्हणावं, तर सिंकचं तोंड वरून उघडंच असतं, त्यामुळे वायू सरळ वर निघून जातो. शिवाय प्रमाणही जुळत नाही. अर्धा कप सोडा म्हणजे साधारण ११० ग्रॅम. बाजारातल्या ५ टक्क्यांच्या व्हिनेगरचा २५० मिलीचा कप त्यातल्या जेमतेम १७-१८ ग्रॅम सोड्याला पुरतो. उरलेला ९० ग्रॅम सोडा तसाच राहतो, आणि आधीच मंद वाहणाऱ्या नळीत तो सिंकखालच्या पाणी धरून ठेवणाऱ्या भागाच्या, म्हणजे ट्रॅपच्या तळाशी बसून गोळा होतो. म्हणजे साफ करायला घातलेली वस्तूच गाळात भर घालते.

चिकट तेल सुटतं ते उष्णता, साबण आणि हाताच्या घासण्यानं. सोडा आणि व्हिनेगर वासासाठी उपयोगी आहेत, पण वेगवेगळे. पुढचा क्रम याच हिशोबानं लावला आहे. तो पाणी सावकाश का होईना पण जात असलेल्या सिंकसाठी आहे. पाणी हललंच नाही, तर टप्पा १ नंतर थेट टप्पा ५ वर जा.

सुरू करण्यापूर्वी

हाताशी ठेवायच्या वस्तू: रबरी हातमोजे, बादली, जुना टूथब्रश, लांब दांड्याचा बाटली घासायचा ब्रश, भांडी घासायचं लिक्विड, खाण्याचा सोडा, पांढरं व्हिनेगर, प्लंजर आणि घड्याळ. सिंकखालचं कपाट पूर्ण रिकामं करा. हे काम कंटाळवाणं वाटतं म्हणून टाळलं जातं, आणि मग सांधा ठिबकत असला तरी भिजलेल्या पिशव्यांमागे तो दिसत नाही.

खालची नळी कशाची आहे ते या वेळीच बघून घ्या. आजकाल बहुतेक ठिकाणी ट्रॅप आणि वेस्ट पाईप प्लॅस्टिकचे असतात. वळ्यावळ्यांचा लवचीक पाईप असेल, तर तो मध्येच झोळीसारखा लोंबत नाही ना हे तपासा. लोंबत असेल तर त्या खोलगट भागात पाणी आणि गाळ कायमचा साचतो, आणि तिथे कोणतंही मिश्रण टिकाऊ उपाय ठरत नाही. आधी पाईप ताणून किंवा कापून सरळ उतारावर आणा.

> सावध: गेल्या एक-दोन दिवसांत कुणी दुकानातला तीव्र ड्रेन क्लीनर ओतला असेल, तर यातलं काहीही करू नका. कॉस्टिक सोड्यावर गरम पाणी पडलं की ते उसळून अंगावर उडू शकतं. ब्लीच असलेल्या क्लीनरवर व्हिनेगर पडलं की विषारी क्लोरीन वायू निघतो. घरात इतर कुणी काही ओतलं होतं का, हे विचारूनच सुरुवात करा.

टप्पा १: अडथळा कुठे आहे आणि वास कुठून येतोय

सिंकमध्ये बूच लावून १० लीटर साधं पाणी भरा. बूच काढा आणि सगळं पाणी जायला किती सेकंद लागतात ते लिहून ठेवा. चांगल्या नळीतून एवढं पाणी अर्ध्या मिनिटाच्या आसपास निघून जातं. हा आकडा पुढे प्रत्येक टप्प्यावर लागणार आहे. ‘आता जरा बरं जातंय’ या अंदाजावर काम थांबवणं हीच पुन्हा तुंबण्याची सुरुवात असते.

पाणी कसं अडतं याकडेही लक्ष द्या. बूच काढल्याबरोबर पाणी रेंगाळत असेल, तर अडथळा जाळीत, तिच्याखालच्या वेस्ट कपलिंगमध्ये किंवा ट्रॅपमध्ये आहे. आधी काही लीटर झपकन जाऊन मग पाणी थबकत असेल, तर अडथळा भिंतीकडे जाणाऱ्या नळीत पुढे कुठेतरी आहे. ४० मिलीमीटरच्या नळीत मीटरभर लांबीला साधारण सव्वा लीटर पाणी मावतं. म्हणजे अडीच लीटर झरझर गेलं आणि मग थांबलं, तर अडथळा दोनेक मीटरवर असावा. हा अंदाजच आहे, पण प्लंजर पुरेल की नळीत घालायची तारेची स्प्रिंग लागेल हे ठरवायला तेवढा पुरतो.

वासाचं वेगळं. जाळीवर पाण्यानं भरलेली प्लॅस्टिकची पिशवी ठेवून तोंड बंद करा, खालचं कपाट लावून घ्या आणि तासाभरानं कपाट उघडा. आत गटाराचा वास कोंडलेला असेल, तर तो जाळीतून नव्हे तर खालच्या सांध्यातून येतोय. वेस्ट पाईपचं टोक जमिनीतल्या किंवा भिंतीतल्या मोठ्या नळीत नुसतं खुपसून ठेवलेलं असतं आणि भोवतालची फट उघडीच राहते. हा दोष अगदी नेहमीचा आहे. त्याला रबरी सील लागतं, सोड्यानं तो जात नाही. कपाटात वास नाही, पण पिशवी उचलताच आंबूस भपका आला, तर दोष जाळीखालच्या बुळबुळीत थराचा आहे आणि पुढचे टप्पे त्यासाठीच आहेत.

> तपासा: सिंक बरेच दिवस वापरात नव्हतं का? मग ट्रॅपमधलं पाणी सुकलेलं असू शकतं. गटाराचा वास अडवून धरतं ते हेच पाणी. दोन तांबे पाणी ओता आणि काही वेळानं वास बघा. गेला असेल तर बाकी काही करायची गरज नाही.

टप्पा २: आधी हातानं

हा टप्पा गाळून पुढे जाण्याचा मोह होतो. गाळू नका. वास सर्वांत जास्त येतो तो जाळी आणि ट्रॅपमधल्या पाण्याची पातळी यांच्या दरम्यानच्या वीतभर उभ्या नळीतून. तिथे अन्नाचे बारीक कण, तेल आणि साबण यांच्यावर जिवाणू वाढून राखाडी-काळा, शेवाळासारखा थर धरतो. वरून ओतलेलं पाणी त्या थरावरून नुसतं घसरून जातं.

जाळी काढता येत असेल तर काढा. बऱ्याच जाळ्या मधल्या एका स्क्रूवर बसवलेल्या असतात. तो सोडवायच्या आधी खालचं कपलिंग एका हातानं धरून ठेवा, नाहीतर ते सुटून खाली पडतं आणि वॉशर जागेवरून हलतो. जाळी उलटी करून बघा, वरून लखलखीत दिसणाऱ्या जाळीची खालची बाजू पाहिली की वासाचं अर्धं कोडं सुटतं. टूथब्रशवर लिक्विड घेऊन ती घासा, कपलिंगची आतली कड आणि सिंकचं ओव्हरफ्लोचं भोक असेल तर तेही घासा. मग लांब ब्रश नळीत खालपर्यंत घालून फिरवत वर ओढा. ब्रशला आलेली घाण कागदावर पुसून कचऱ्यात टाका. पुन्हा नळीत धुतलीत तर ती ट्रॅपमध्ये जाऊन बसेल.

जाळी निघत नसेल तर तिच्या भोकांतून बारीक ब्रश चालवा. पूर्ण साफ होणार नाही, पण काहीच न करण्यापेक्षा बरं.

टप्पा ३: गरम पाणी आणि साबण

उकळतं पाणी ओतू नका. सर्वसाधारण प्लॅस्टिक सांडपाणी नळ्यांसाठी ६० अंश सेल्सिअस ही सुरक्षित मर्यादा धरतात. त्यावर गेलं की प्लॅस्टिक मऊ पडू लागतं, सांधे सरकतात, वॉशरची पकड ढिली होते. एकदा ओतल्यानं लगेच काही दिसत नाही. महिन्याभरानं कपाटाचा तळ ओला लागतो तेव्हा कळतं. चिनीमातीचं सिंक असेल तर अचानक बसलेल्या चटक्यानं त्याला तडाही जाऊ शकतो. आणि इतक्या उष्णतेची गरजही नसते. स्वयंपाकातली बहुतेक गोठणारी चरबी ३० ते ४५ अंशांतच वितळते.

थर्मामीटर नसेल तर सोपा हिशोब: ५ लीटर उकळतं पाणी आणि ५ लीटर नळाचं साधं पाणी बादलीत एकत्र केलं की तापमान ६० च्या जवळपास येतं. बादली आणि सिंक थोडी उष्णता खेचून घेतात, त्यामुळे नळीपर्यंत ते ५५ च्या आसपास पोचतं. नेमकं हवं तेवढं. नळाचं पाणीच कोमट असेल, तर साध्या पाण्याचं प्रमाण एक-दोन लीटरनं वाढवा.

आता क्रम असा:

१. सिंकमध्ये साचलेलं पाणी असेल तर ते आधी मगानं उपसून काढा. थंड पाण्यावर गरम ओतलं तर उष्णता वरच विरते आणि थरापर्यंत पोचतच नाही.

२. दोन मोठे चमचे लिक्विड थेट नळीत सोडा आणि १० मिनिटं थांबा.

३. बूच लावून १० लीटर गरम पाणी सिंकमध्ये भरा, त्यात आणखी एक चमचा लिक्विड ढवळा आणि बूच एकदम काढा. मगानं थोडं थोडं ओतलेलं पाणी नळीच्या तळाशी ओघळत जातं आणि वरच्या बाजूचा थर तसाच राहतो. सिंकभर पाणी एकदम सुटलं की नळी काठोकाठ भरून वाहते.

४. लगेच, पाच मिनिटंही न थांबता, आणखी १० लीटर गरम पाणी तसंच सोडा.

चौथी पायरी बरेच जण सोडतात, आणि नुकसान तिथेच होतं. वितळलेली चरबी दोन-तीन मीटर पुढे जाऊन थंड पडते आणि तिथे गोठते. आधी हाताच्या अंतरावर असलेला अडथळा आता भिंतीच्या आत गेलेला असतो. साबण चरबीचे बारीक थेंब करून त्यांना पुन्हा एकत्र येऊ देत नाही, आणि दुसरी बादली ते मोठ्या नळीपर्यंत ढकलून नेते. नुसतं गरम पाणी, तेही थोडंसं, हा या प्रकारातला सर्वांत वाईट उपाय आहे.

> सावध: ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत त्वचा भाजतं. हातमोजे घाला, आणि सिंक भरलेलं असताना मुलांना जवळ येऊ देऊ नका.

आता पुन्हा १० लीटर साधं पाणी भरून वेळ मोजा. समजा सुरुवातीला ९५ सेकंद लागत होते. हातानं घासल्यावर ८० झाले, गरम पाण्याच्या पहिल्या फेरीनंतर ५०, दुसऱ्या फेरीनंतर ३५ आणि तिसऱ्यानंतर ३४. इथे थांबायचं, कारण तिसऱ्या फेरीनं काही बदललं नाही. वेळही चांगल्या नळीइतकीच झाली आहे. पण आकडे ९५, ८८, ८७ असे आले तर? मग नळीत चरबीखेरीज दुसरं काहीतरी आहे, किंवा थर इतका घट्ट आहे की साबण-पाण्याला दाद देत नाही. चौथी-पाचवी बादली तापवत बसू नका, थेट टप्पा ५ वर जा.

टप्पा ४: वासासाठी सोडा, नाहीतर व्हिनेगर

पाणी मोकळं झाल्यावरच हे करायचं. दोन्ही एकत्र ओतले तर आम्ल आणि अल्कली एकमेकांना संपवतात. तुमच्या वासासाठी ज्याची गरज होती, तेच नाहीसं होतं.

वास आंबूस, खवट, शिळ्या तेलासारखा असेल तर सोडा. तो वास आम्लांचा असतो आणि सोडा सौम्य अल्कली आहे. कोरडा सोडा नळीत टाकू नका. चार मोठे चमचे, म्हणजे साधारण ५५ ग्रॅम, एक लीटर कोमट पाण्यात पूर्ण विरघळवा. पाणी नितळ दिसलं पाहिजे, तळाशी पांढरं काही उरता कामा नये. हे पाणी रात्री शेवटचं भांडं धुऊन झाल्यावर हळूहळू ओता आणि सकाळपर्यंत नळ सोडू नका. विरघळलेला सोडा ट्रॅपमध्ये सगळीकडे पोचतो आणि गाळ करत नाही. कपलिंगच्या कडेला अजून वास असेल, तर तिथे मात्र थोड्या पाण्यात कालवलेला घट्ट सोडा ब्रशनं घासा. बारीक खरखरीतपणामुळे तो घासायला छान असतो.

वास मासळीसारखा असेल, किंवा जाळीवर जड पाण्याचा पांढरा खडबडीत थर बसला असेल, तर व्हिनेगर. २५० मिली, काही न मिसळता, नळीत सोडा आणि अर्ध्या तासानं भरपूर पाणी जाऊ द्या. जाळीवरच्या थरासाठी व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं तिच्यावर गुंडाळून ठेवा. संगमरवरी कट्ट्यावर व्हिनेगर सांडू देऊ नका. पॉलिशवर पांढरट डाग पडतो आणि तो पुसून निघत नाही.

दोन्हींची गरज वाटली तर एक आज, दुसरं उद्या, आणि मध्ये भरपूर पाणी.

> तपासा: दुसऱ्या दिवशी सकाळी, नळ सोडण्याआधी, जाळीजवळ वास घ्या. नळ सोडल्यावर घेतलेला वास फसवतो. वाहतं पाणी वास काही काळ दाबून टाकतं.

टप्पा ५: सोडा-पाणी हरलं की

प्लंजर आधी. सिंकमध्ये प्लंजरची वाटी बुडेल इतकं पाणी ठेवा. ओव्हरफ्लोचं भोक ओल्या फडक्यानं घट्ट बंद करा. जोडसिंक असेल तर दुसऱ्या बाजूचं तोंडही, नाहीतर सगळा जोर तिकडून निघून जातो आणि पाण्याचं कारंजं उडतं. १५-२० वेळा दाबा. लोक दाबण्यावर जोर देतात, पण अडकलेलं सैल होतं ते बरेचदा वर खेचताना. शेवटचा झटका वरच्या दिशेनं जोरात द्या.

तरीही फरक नाही? मग ट्रॅप उघडायचा. खाली बादली ठेवा. बॉटल ट्रॅप असेल तर तळाची वाटी हातानं फिरते, पी किंवा यू आकाराचा असेल तर दोन्ही टोकांच्या गोल चकत्या सैल करायच्या. पान्हा लावायची वेळ आलीच तर मध्ये फडकं ठेवा, प्लॅस्टिकचे आटे चटकन तुटतात. कुठला वॉशर कुठे होता आणि त्याची निमुळती बाजू कुठे होती, याचा मोबाईलवर फोटो काढा. गाळ खरवडून काढा आणि भिंतीकडच्या नळीत टॉर्च मारून बघा.

आणि बादलीतलं घाण पाणी सिंकमध्ये ओतू नका. ट्रॅप काढलेला असतो हे त्या क्षणी कुणाच्याच लक्षात राहत नाही, आणि ते पाणी सरळ पायावर येतं.

जोडताना चकत्या हातानंच घट्ट करा. नळ सोडून प्रत्येक सांध्याभोवती कोरडा टिश्यू पेपर फिरवा. डोळ्यांना न दिसणारा ओलावा कागदावर लगेच उमटतो. पाचेक मिनिटांनी पुन्हा एकदा फिरवा.

ट्रॅप स्वच्छ निघाला आणि सिंक तरीही मंदच, तर अडथळा भिंतीतल्या नळीत आहे. तिथे हातानं फिरवायची तारेची स्प्रिंग लागते. ती ट्रॅप काढलेल्या तोंडातून घालायची, अडेल तिथे नुसती ढोसायची नाही तर फिरवत पुढे न्यायची, आणि बाहेर काढताना तिच्यावर काय आलंय ते बघायचं. मेणासारखा पांढरट गोळा आला तर चरबी. असा गोळा निघाल्यावर ट्रॅप जोडून टप्पा ३ पुन्हा करा. आता तो लागू पडेल, कारण पाण्याला वाट मिळालेली असते.

प्लंबरला बोलवायची वेळ

सिंकचं पाणी सोडलं की न्हाणीघरात किंवा खालच्या पातळीवरच्या जाळीतून पाणी वर येत असेल, तर अडथळा सिंकच्या नळीत नाहीच, पुढच्या सामाईक नळीत आहे. तिथे प्लंजर मारल्यानं घाण दुसऱ्याच तोंडातून बाहेर येऊ शकते. पाणी जाताना प्रत्येक वेळी गुळगुळ आवाज येत असेल आणि नंतर गटाराचा वास सुटत असेल, तर हवा खेळायची नळी बंद असण्याची शक्यता आहे. वाहत्या पाण्याच्या ओढीनं ट्रॅपमधलं पाणी शोषलं जातं आणि वासाला वाट मोकळी होते. स्प्रिंग एकाच अंतरावर वारंवार अडत असेल आणि तिच्यावर काहीच येत नसेल, तर तिथे तीव्र वळण, फुटलेली नळी किंवा घट्ट वस्तू असते. आणखी जोर लावला तर नळीच फुटते.

सगळं नीट करूनही दोन-तीन आठवड्यांत पुन्हा तुंबत असेल, तर नळीचा उतार तपासायला सांगा. मीटरमागे दोनेक सेंटिमीटरपेक्षा बराच कमी उतार असला की पाणी जातं आणि गाळ मागे राहतो. प्लंबर आल्यावर आतापर्यंत काय काय ओतलं, ते न लाजता सांगा. तो उघड्या हातानं ट्रॅप सोडवणार असतो.